सुटे जोक चालतात, पण पाच मिनिटांचा सेट पडतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकला येणाऱ्या नव्या कलाकारांचे सेट बसवायला मी मदत करतो. माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते. प्रत्येक बिट, म्हणजे एका विषयावरचे जोक, वेगळं करून पाहिलं तेव्हा लोक हसले होते, तीच बिटं एकत्र करून पाच मिनिटं केली की सेट पडतो. अशा वेळी कलाकार नवे जोक लिहायला बसतो, आणि तिथेच वेळ वाया जातो. बिघाड जोकमध्ये नसतो. तो क्रमात, सांध्यांत किंवा शेवटच्या वाक्यात असतो, आणि शोधायला बऱ्याचदा कागद-पेन आणि फोनमधलं रेकॉर्डिंग पुरतं.

लक्षणं

- पहिला हशा यायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो.
- सुरुवात बरी जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला लोक शांत होतात आणि पुन्हा हाताला लागत नाहीत.
- प्रत्येक बिटानंतर सेट शून्यावर येतो. आधीच्या हशाचा जोर पुढच्या बिटाला मिळत नाही.
- कॉलबॅकवर, म्हणजे आधीच्या जोकमधली गोष्ट पुढे परत आणल्यावर, हशाऐवजी ओळख पटल्याचा 'हां, हां' असा आवाज येतो, किंवा पुढच्या रांगेतले दोघेच हसतात.
- 'थँक यू' म्हटल्यावर लोकांना कळतं की सेट संपला.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. सोपी आणि फुकटची आधी, अवघड शेवटी. एखादा जोक सुटा करूनही कुणी हसत नसेल, तर तो दोष लिखाणाचा आहे आणि ही पोस्ट त्याला उपयोगाची नाही.

सगळं एका उदाहरणावर दाखवतो. एका नव्या कलाकाराचा सेट असा होता: आधी नमस्कार आणि ओळख, मग दातांच्या डॉक्टरचं बिट, मग फोनमधल्या नकाशाचं, मग झोप मोजणाऱ्या घड्याळाचं, लगेच ब्रेकअपचं, आणि शेवटी बाबांच्या व्हिडिओ कॉलचं. कलाकाराच्या परवानगीने त्यातल्या ओळी इथे देतो आहे.

पहिली तपासणी: घड्याळ

रेकॉर्डिंग लावा आणि सेट किती वेळ चालला ते बघा. बहुतेक ठिकाणी वेळ संपायच्या एक मिनिट आधी मागून लाइट दाखवतात. तुमच्या जागी लाइट कधी देतात ते होस्टला आधीच विचारून ठेवा. सेट लांबला असेल तर लाइट दिसते तेव्हा तुम्ही मधल्याच बिटात असता, आणि मग घाई होते ती शेवटच्या बिटाची, म्हणजे क्लोजरची. चांगला क्लोजर पडण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे. कलाकाराला वाटतं क्लोजर कमजोर आहे, पण लोकांनी तो दीडपट वेगाने ऐकलेला असतो.

वर सांगितलेला सेट पाच मिनिटं पन्नास सेकंद चालत होता. घरी एकट्याने म्हणताना तो बरोबर पाच मिनिटांचा भरायचा, आणि चूक तिथेच होती. हशाला वेळ लागतो, आणि हशा ओसरेपर्यंत थांबावंही लागतं. घरी चार ते सव्वाचार मिनिटांत संपणारा सेट स्टेजवर पाच मिनिटांचा होतो. घरीच पाच मिनिटं भरत असतील तर एक बिट काढावंच लागेल. कुठलं, ते पुढच्या तपासणीत कळतं.

दुसरी तपासणी: हशाच्या खुणा

सेटचा मजकूर कागदावर उतरवा. रेकॉर्डिंग ऐकत जा आणि जिथे हशा आला तिथे खूण करा: एखाद-दुसऱ्याच्या हसण्याला एक रेघ, निम्म्या लोकांच्या हशाला दोन, सगळे हसले किंवा टाळ्या आल्या तर तीन. खूण ऐकूनच करा, आठवून नको. स्टेजवर असताना आपल्याला आपलाच आवाज मोठा ऐकू येतो, म्हणून आठवणीतला हशा भरवशाचा नसतो. एका रात्रीच्या रेकॉर्डिंगवरही विसंबू नका. तीन वेगवेगळ्या रात्रींच्या खुणा एकमेकींशेजारी ठेवल्या की जोक कुठला आणि त्या रात्रीचा मूड कुठला, हे वेगळं दिसायला लागतं.

आता दोन गोष्टी बघा. पहिला हशा कितव्या सेकंदाला आला, आणि कुठल्या दोन खुणांमध्ये वीस सेकंदांपेक्षा जास्त अंतर आहे. पाच मिनिटांत एवढी लांब शांतता परवडत नाही. लोक तुम्हाला ओळखत नाहीत, त्यामुळे पुढे काहीतरी चांगलं येणार आहे असं मानून थांबायला त्यांच्याकडे कारण नसतं.

आपल्या उदाहरणात पहिला हशा अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला होता. त्याआधी 'कसे आहात सगळे', नाव, नोकरी, आणि दात कधीपासून दुखत होता याची हकीकत. नकाशाच्या बिटात सव्वा मिनिटात दोनच रेघा. घड्याळ, ब्रेकअप आणि बाबा या तिन्ही बिटांत तीन-तीन रेघांचे हशे होते. नकाशाचं बिट काढलं. कलाकाराला ते फार आवडायचं, पण तिन्ही रात्री तिथेच लोक हातातून सुटत होते.

तिसरी तपासणी: क्रम

प्रत्येक बिटाची एक चिठ्ठी करा आणि तिच्यावर त्या बिटाचा सगळ्यात मोठा हशा आणि पहिल्या हशापर्यंत लागणारा वेळ लिहा. सगळ्यात जोरदार बिट शेवटी जातं. दुसऱ्या क्रमांकाचं सुरुवातीला. उरलेली मध्ये. हा नियम जुना आहे आणि पाच मिनिटांच्या सेटमध्ये मी तो सहसा मोडू देत नाही.

ओपनरला मात्र आणखी एक अट आहे: तो लवकर फुटला पाहिजे. बिट कितीही चांगलं असो, पंचपर्यंत पोचायला चाळीस सेकंद लागत असतील तर ते ओपनर होऊ शकत नाही. माइक हातात घेतल्यापासून पंधरा ते वीस सेकंदांत पहिला हशा, हे मी धरून चालतो. स्वतःची ओळख करून द्यायची गरज नसते, नाव होस्टने सांगितलेलंच असतं.

घड्याळाच्या बिटाची सुरुवात अशी होती:

'मी झोप मोजणारं घड्याळ घेतलं. सकाळी उठलो तर ते म्हणालं, तुमची झोप नीट झाली नाही. मला माहीत होतं. रात्रभर मी तिथेच होतो.'

दहा-बारा सेकंदांत मोठा हशा. वर यातूनच कलाकार कळतो: वैतागलेला, पण स्वतःला फार हुशार समजणारा माणूस. ओपनरचं हे दुसरं काम. पुढची पाच मिनिटं कोण बोलणार आहे, ते पहिल्याच हशात कळलं पाहिजे. हे बिट तिसऱ्या जागेवर पडून होतं आणि त्याच्या जागी दातदुखीची हकीकत सुरुवात करत होती.

शेवटी कुठलं ठेवायचं यावर आमचा बराच वाद झाला. बाबांच्या बिटातला हशा सगळ्यात मोठा होता:

'बाबा व्हिडिओ कॉलवर फोन असा धरतात की फक्त कपाळ दिसतं. तीन वर्षं मी त्यांचं कपाळच बघतोय. परवा घरी गेलो, दार उघडलं, मी ओळखलंच नाही. मग त्यांनी मान खाली घातली. म्हटलं, बाबा!'

हशाच्या मापाने हे शेवटी यायला हवं होतं. पण ब्रेकअपच्या बिटात घड्याळ परत येत होतं. क्लोजर जेव्हा सेटच्या सुरुवातीशी जोडलेला असतो, तेव्हा हशा त्या एका जोकचा राहत नाही, मागच्या चार मिनिटांचाही होतो. त्यामुळे एकटं असताना थोडं कमी चालणारं बिट शेवटच्या जागी जास्त चालू शकतं. नवा क्रम ठरला: घड्याळ, दात, बाबा, ब्रेकअप.

चौथी तपासणी: सांधे

प्रत्येक बिटाचं शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं वाक्य लागोपाठ मोठ्याने वाचा. मध्ये 'आणखी एक गोष्ट म्हणजे', 'बरं, मग', 'तुमच्यापैकी किती जणांना दातांचा त्रास आहे?' असं काही असेल, तर तिथे सांधा नाही. दोन बिटं नुसती शेजारी ठेवली आहेत. लोक त्या क्षणी हशातून बाहेर येतात, आणि म्हणूनच सेट दर वेळी शून्यावर येतो.

ट्रान्झिशन करायचे माझ्या माहितीत तीन भरवशाचे मार्ग आहेत. पहिला, आधीच्या बिटातल्या एखाद्या गोष्टीने पुढचं बिट घडवून आणायचं. दुसरा, दोन्हींमधलं साम्य किंवा उलटेपणा बोलून दाखवायचा. तिसरा, काहीच न बोलता एक श्वास घेऊन थेट नव्या बिटाच्या पहिल्या वाक्यावर जायचं. तिसराही चालतो, विशेषतः मोठ्या हशानंतर. न चालणारा प्रकार एकच: सांधा आहे असं भासवणारी भरतीची वाक्यं.

या सेटमध्ये घड्याळाकडून दाताकडे जाताना पहिला मार्ग वापरला:

'घड्याळ म्हणालं, डॉक्टरला भेटा. माझ्या ओळखीचा डॉक्टर एकच. दातांचा.'

हा सांधा स्वतःच हशा घेतो, आणि दातदुखीची सगळी हकीकत त्यामुळे गळाली. थेट खुर्चीत: 'डॉक्टर तोंडात दोन्ही हात घालून विचारतात, दुखतंय का? सांगायला तोंड लागतं, डॉक्टर. ते सध्या तुमच्याकडे आहे.'

दाताकडून बाबांकडे: 'दात दाखवायला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मी त्यांना दात दाखवला. त्यांनी मला कपाळ दाखवलं.' इथे तर सांधा आणि पुढच्या बिटाचा पहिला पंच एकच झाला.

बाबांकडून ब्रेकअपकडे जाताना असं काही सुचत नव्हतं. शेवटी दुसरा मार्ग घेतला, उलटेपणाचा: 'बाबा दिसत नाहीत, पण सगळं ऐकतात. माझ्याबद्दलची तक्रार बरोबर उलटी आहे.' याला हशा येत नाही, फार तर स्मित येतं. ते चालेल. क्लोजरच्या आधी लोकांना थोडं शांत होऊन ऐकायला मिळालं, तर शेवटचा सेटअप नीट पोचतो.

पाचवी तपासणी: कॉलबॅक

कॉलबॅक पडत असेल तर तीन प्रश्न विचारा.

मूळ ओळीला हशा आला होता का? हशा न आलेली ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून कॉलबॅकसाठी ओळ निवडताना तुमच्या आवडीची निवडू नका, कागदावर दोन-तीन रेघा असलेली निवडा. कधी मूळ ओळीलाच त्या रात्री हशा आला नाही, तर तिथल्या तिथे कॉलबॅक गाळायची तयारी ठेवा.

मध्ये किती अंतर आहे? वीस-तीस सेकंदांत तीच गोष्ट परत आणली तर तो कॉलबॅक नसतो, आधीच्या जोकचा टॅग असतो, म्हणजे त्याच जोकला पंचनंतर जोडलेली आणखी एक ओळ. हशा येतो, पण अनपेक्षितपणाचा धक्का नसतो. लोकांच्या डोक्यातून ती गोष्ट मागे गेली पाहिजे, पुसली जाता कामा नये. पाच मिनिटांत दीड ते तीन मिनिटांचं अंतर चांगलं, आणि मध्ये किमान एक पूर्ण वेगळं बिट हवं. जुन्या क्रमात घड्याळाला लागूनच ब्रेकअप होतं, त्यामुळे घड्याळ परत आलं याचं कुणाला काही वाटायचंच नाही. नव्या क्रमात मध्ये दात आणि बाबा आले. ओळीत एका शब्दाचाही बदल न करता हशा वाढला.

परत आणलेल्या गोष्टीचा अर्थ बदलला का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नुसती जुनी ओळ पुन्हा म्हटली की लोकांना ती ओळखू येते, आणि मग तो 'हां, हां' असा आवाज येतो. हशा यायला जुन्या गोष्टीने नव्या प्रसंगात काहीतरी करावं लागतं. मूळ सेटमध्ये ब्रेकअपच्या शेवटी ओळ होती, 'मी म्हटलं, मी तिथेच होतो.' बस. ओळख पटायची, पण पुढे काही नाही. म्हणून घड्याळालाच साक्षीला आणायचं ठरलं. त्यासाठी ओपनरमध्ये एक टॅग पेरावा लागला:

'घड्याळ म्हणालं, अख्ख्या रात्रीत गाढ झोप फक्त एक तास. म्हटलं, एक तास? कुठला? मला तर एकही आठवत नाही.'

टॅगला स्वतःचा हशा आहे, त्यामुळे तो पुढच्या कामासाठी ठेवलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. पेरलेली ओळ हशाशिवाय ठेवली असती तर लोकांना ती उगाच दिलेली माहिती वाटली असती. जाणकार प्रेक्षक अशी ओळ चटकन हेरतात.

सहावी तपासणी: शेवटचं वाक्य

इथे काम सगळ्यात बारीक आहे. आता क्लोजर असा झाला:

'ती रोज रात्री दहा ते अकरा मला तिचा दिवस सांगायची. एक दिवस म्हणाली, तू माझं कधी ऐकलंच नाहीस. म्हटलं, असं कसं? तू बोलत होतीस, मी तिथेच होतो. तिने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, विरघळली. तिने घड्याळ वाचलं. गाढ झोप, एक तास. दहा ते अकरा.'

पहिल्या मसुद्यात शेवट होता: 'तिने घड्याळात बघितलं तर त्यात माझी गाढ झोप दहा ते अकरा या वेळात झाली असं दाखवत होतं.' माहिती तीच, हशा निम्मा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून पंचचा शब्द मध्ये अडकतो आणि 'दाखवत होतं' संपेपर्यंत लोक हसू दाबून थांबतात, किंवा हसतात आणि वाक्य वाहून जातं. उपाय म्हणजे वाक्य तोडणं. क्रियापद आधीच्या छोट्या वाक्यात संपवून टाका आणि ज्या शब्दाने उलगडा होतो तो एकटा शेवटी ठेवा.

इथे उलगडा करणारा शब्द कुठला, हेही तपासावं लागलं. कलाकार 'गाढ झोप' शेवटी ठेवत होता. पण गाढ झोप एक तास होती हे लोकांना ओपनरपासून माहीत आहे. नवी बातमी तिच्या वेळेची आहे, म्हणून वेळ शेवटी. त्याच कारणाने 'दहा ते अकरा' हे बिटाच्या पहिल्या वाक्यात एकदाच, सहज म्हणायचं. पंचच्या जरा आधी पुन्हा उच्चारलं तर लोक तुमच्या आधी पोचतात. अजिबात ऐकू गेलं नाही तर कुणीच पोचत नाही. त्या पहिल्या वाक्यात आवाज स्पष्ट ठेवा, पण जोर देऊ नका.

पंच नंतर काहीही बोलू नका. 'असो', 'तर असं आहे सगळं', 'माझी वेळ संपली वाटतं' यातलं एकही वाक्य शेवटचा हशा कापतं. हशा चढू द्या, तो उतरायला लागायच्या आत 'थँक यू' म्हणून निघा. चार मिनिटं चाळीस सेकंदांत क्लोजर बसला तर उरलेली वीस सेकंदं भरायची नाहीत.

नव्या मांडणीत हा सेट लाइट दिसायच्या सुमारास ब्रेकअपच्या पहिल्या वाक्यावर असतो. मांडणी बरोबर आहे की नाही, हे मी यावरूनच ओळखतो: लाइट दिसली तेव्हा तुमच्याकडे फक्त क्लोजर उरलेला असावा.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

एका वेळी एकच बदल करा आणि तोच सेट निदान तीन वेगवेगळ्या रात्री करून पुन्हा खुणा लावा. क्रम, सांधे आणि शेवट असे तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

सहाही तपासण्या झाल्या, खुणा तीन रात्रींच्या आहेत, आणि तरीही मधलं मिनिट शांतच जातंय, तर स्वतः आणखी ढवळू नका. ओळी इतक्या वेळा म्हटलेल्या असतात की त्यातलं काय ऐकणाऱ्याला कळत नाही, ते तुम्हाला आता दिसणार नाही. नियमित पैसे घेऊन शो करणाऱ्या अनुभवी कलाकाराला किंवा पंच लिहून देणाऱ्या लेखकाला गाठा. सोबत रेकॉर्डिंग आणि खुणांचा कागद न्या आणि प्रश्न नेमका विचारा: 'दोन मिनिटं दहा सेकंदांपासून पुढे लोक का सुटतात?' 'सेट कसा वाटला?' विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर मिळेल. सुचवलेला जोक वापरायचा असेल तर तो कुणाचा मानायचा, हे त्याच वेळी बोलून घ्या.

मजकूर ठीक आहे, पण स्टेजवर ओळीच आठवत नाहीत, हात थरथरतात, श्वास लागतो, असं दर वेळी होत असेल तर मांडणी बदलून फरक पडणार नाही. त्यासाठी अभिनय किंवा आवाजाच्या प्रशिक्षकाकडे जा. आणि आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर शो थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.